पंधरा दिवसांची रजा आणि बँकेतला एक अर्ज

आमच्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत हिशेबाचे काम मी एकटाच पाहतो. त्यामुळे ५ ते १९ सप्टेंबरच्या रजेआधी मला माझ्या सहकारी बाईंसाठी कामाची टिपणी लिहावी लागली. त्या खरेदी विभागातल्या असल्या तरी टॅलीत त्यांचा हात चांगला चालतो. तारखांचा भाग लगेच उरकला: ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला भविष्यनिर्वाह निधी व ईएसआय; जीएसटीआर-३बीची २० तारीख माझ्या परतीनंतरची होती.

सगळे अडले ते बँकेत. कंपनीच्या नेट बँकिंगमध्ये व्यवहार भरणारा, म्हणजे 'मेकर', मी आणि मंजुरी देणारे संचालक. मेकरचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो आणि माझ्या गावी रेंज घराबाहेर आंब्याखाली उभे राहिल्यावरच मिळते. पासवर्ड बाईंना देऊन टाका, असा सल्ला सगळ्यांनी दिला. पण त्यांनी भरलेली रक्कम माझ्या नावाने नोंदली जावी हे मला मान्य नव्हते. म्हणून त्यांना दुसरा मेकर करण्याचा अर्ज दिला. शाखेने तो आधी संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत हवी म्हणून परत केला, मग ठरावावर कंपनीचा शिक्का नाही म्हणून, आणि शेवटी सही जुन्या नमुन्याशी जुळत नाही म्हणून. या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी, एकाच कागदावर लिहून देता आल्या नसत्या का? हा अर्ज रजेच्या महिनाभर आधीच द्यावा.

माझी घाई ७ तारखेसाठी होती. ऑगस्टमध्ये कापलेला ८०,००० रुपयांचा टीडीएस ८ सप्टेंबरला भरला, तर व्याज एका दिवसाचे लागत नाही. ते कपातीच्या महिन्यापासून, दरमहा दीड टक्क्याने, अपुरा महिनाही पूर्ण धरून मोजतात. म्हणजे दोन महिन्यांचे २,४०० रुपये.

अखेर आयकर पोर्टलवर ४ तारखेलाच चलन तयार केले, कारण ते पंधरा दिवस वैध राहते. भरणा नेट बँकिंगऐवजी आरटीजीएस/एनईएफटी निवडला. त्यातून निघालेला मँडेट फॉर्म आणि संचालकांच्या सहीचा धनादेश बाईंच्या हाती दिला आणि टिपणीत ठळक लिहिले, "शाखेत ६ तारखेलाच द्यावे, पैसे जमा झाल्याची तारीखच भरण्याची तारीख धरली जाते." भविष्यनिर्वाह निधीचा भरणा मात्र नेट बँकिंगनेच होतो, बाईंचे मेकरचे अधिकार ११ तारखेला सुरू झाले, म्हणून ते निभावले.

टिपणीत एक ओळ मी नंतर घातली, ती आधीच घालायला हवी: नव्याने रुजू झालेल्यांचे यूएएन, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीतले सदस्य क्रमांक, १० तारखेपर्यंत मागून घ्यावेत, कारण त्याशिवाय त्यांची नावे ईसीआरमध्ये, म्हणजे निधीच्या मासिक विवरणपत्रात, चढत नाहीत.