दुसऱ्याच्या लाँचच्या दिवशी आपलं नाव कुठे असावं?

आमच्या बर्लिनच्या ऑफिसातल्या एकीने नोकरी सोडून स्वतःचं ॲप काढलं. ड्रिल, शिडी, तंबू अशा वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू शेजाऱ्यापाजाऱ्यांना उसन्या देण्यासाठी. प्रॉडक्ट हंट या, नवी ॲप्स लोकांपुढे मांडून मतं मिळवायच्या साइटवर यायच्या आदल्या दिवशी तिने आम्हा जुन्या सहकाऱ्यांना लिहिलं, "उद्या नऊ वाजेपर्यंत कुणीही काही टाकू नका. आणि कुणाकुणाला टॅग करणार, ते मला आधी विचारा."

आनंदाला परवानगी कसली, असं मला वाटलं. पण तिचं कारण पक्कं होतं. प्रॉडक्ट हंटचा दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने रात्री 12:01 ला सुरू होतो. तेव्हा बर्लिनमध्ये सकाळचे 9:01 वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात पुण्यात दुपारचे 12:31. त्याआधी बोभाटा केला तर लोक उत्सुकतेने येतात, बघायला काही नसतं, आणि गेलेला माणूस सहसा परत फिरकत नाही. शिवाय तिथे मतं मागायला मनाई आहे. "बघा आणि काय वाटलं ते लिहा" एवढं म्हणता येतं. आपल्याकडे अशा वेळी सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सगळ्यांनी मत द्या रे" असा मेसेज फिरतो. मनापासून फिरतो, पण ज्याच्यासाठी फिरतो त्यालाच अडचणीत आणतो.

इथे जर्मनीत तर वाढदिवसाच्या शुभेच्छाही आदल्या दिवशी देत नाहीत, अपशकुन मानतात. लाँचलाही तोच न्याय लावतात. ज्याची बातमी, त्याने ती आधी सांगायची.

दुसऱ्या दिवशी तिची पोस्ट आली, आणि तासाभरात लिंक्डइनवर आणखी एक. आमच्यातल्याच एकाने तिच्यासोबतचा जुना सेल्फी टाकला होता. "तिच्या या प्रवासाचा साक्षीदार असल्याचा अभिमान", खाली वीसेक नावं टॅग केलेली. त्यातले निम्मे गुंतवणूकदार, त्यांचा या ॲपशी काडीचा संबंध नाही. ॲपची लिंकच नाही! मला त्या पोस्टचा फार राग आला, अजूनही आहे. टॅग म्हणजे त्या माणसाच्या फोनवर जाऊन वाजवलेली बेल. वीस घरांच्या बेल तिच्या नावाने वाजवायच्या आणि दार उघडलं की स्वतःचा चेहरा दाखवायचा, हे अभिनंदन नव्हे. त्यातल्या एका गुंतवणूकदाराने पोस्टच्या मेनूत जाऊन स्वतःचा उल्लेख काढून टाकला. तिला त्याच माणसाला पुढच्या आठवड्यात मेल करायचा होता.

आपल्या चौकातला फ्लेक्स डोळ्यांपुढे आला असेल. अभिनंदन होणाऱ्याचा फोटो मध्ये, शुभेच्छुकांचे चेहरे चहूबाजूंनी. पण आपल्या गल्लीची बाजू मी घेणारच. दहावीचा निकाल लागला की पेढे घेऊन जायच्या आधी शेजारच्या काकू दारात हजर असतात, "किती पडले?" म्हणत. कुणी आमंत्रणाची वाट बघत नाही. इथे शेजाऱ्याला पुरस्कार मिळाल्याचं मला चार महिन्यांनी कळलं. तो संकोच मला आवडत नाही, आवडणारही नाही.

फोटोच्या बाबतीत मात्र जर्मन माणसांचं मला पटलं. 1898 मध्ये बिस्मार्क वारला तेव्हा दोन फोटोग्राफर खोलीत घुसून त्याच्या मृतदेहाचे फोटो काढून गेले. त्या गदारोळानंतर 1907 मध्ये कायदा झाला: माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचं नाही. काही अपवाद आहेत, पण मित्राचा सेल्फी त्यात बसत नाही. म्हणून इथे पार्टीतला फोटो टाकण्याआधीही लोक "चालेल ना?" विचारतात.

मी काय केलं ते सांगते. तिची पोस्ट आल्यावर तिचेच शब्द आणि तिचीच लिंक पुढे जावी म्हणून ती रिपोस्ट केली, वर तीन ओळी लिहिल्या. "मी शिडी दोन गल्ल्यांपलीकडच्या आजोबांकडून घेतली. अनामत रक्कम ॲपमध्येच ठेवली गेली, परत केल्यावर लगेच सुटली. बर्लिनमध्ये राहणाऱ्यांनी वापरून बघा." टॅग दोनच: ती, आणि ॲपची चित्रं काढणारी मुलगी, कारण तिचं नाव कुठेच आलं नव्हतं. दोघींना आधी मेसेज केला होता. चित्रकार मुलीने कळवलं, "माझं कंपनीचं पान टॅग कर, वैयक्तिक नको." विचारलं नसतं तर हे कळलं नसतं. आम्ही एकत्र काम केल्याचं मी लिहिलं नाही; कुणी विचारलं तर सांगणार होते.

प्रॉडक्ट हंटवर मात्र कौतुक न लिहिता एक प्रश्न टाकला: वस्तू मोडून परत आली तर अनामत कुणाकडे जाते? तिने सविस्तर उत्तर दिलं, त्याखाली अनोळखी लोकांनी आपापल्या मोडलेल्या ड्रिलच्या कहाण्या लिहिल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्या पानावर सगळ्यात लांब चर्चा तीच झाली. रात्री तिचा फोन आला, ते अनामतीचं उत्तर ॲपच्या पहिल्या पानावर टाकतेय म्हणाली.