उणे चाळीसची गाठ

आपल्या घरात दोन तापमानं गुण्यागोविंदानं नांदतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. पोराच्या काखेत थर्मामीटर लावला की आई सांगते, "एकशे एक आहे." त्याच सकाळी पेपरात बातमी असते, निफाडचा पारा ५ अंशांवर. अंगाचा ताप फॅरनहाइटमध्ये आणि हवेचा सेल्सिअसमध्ये, ही वाटणी कधी आणि कुणी केली कोण जाणे. पण नाशिकचा उन्हाळा ४० अंशांवर गेला म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत हवेला १०४ ताप चढला, हे एकदा लक्षात आलं की मे महिन्याकडे बघण्याची दृष्टी बदलते.

हे दोघं एका पट्टीवर शेजारी शेजारी बघायचे तर द्राक्षबागेत जावं. थंडीच्या दिवसांत निफाडकडे पहाटे बागांतून शेकोट्या पेटतात, कारण पारा फार उतरला तर मण्यांना तडे जातात. माझ्या मावसभावाच्या बागेत मांडवाच्या खांबाला एक साधी तापमापी तारेनं बांधलेली आहे. मधे लाल द्रवाची बारीक नळी, डाव्या हाताला C, उजव्या हाताला F. डावीकडे ५, तर त्याच रेघेवर उजवीकडे ४१. गेल्या डिसेंबरात दहावीतला भाचा बरोबर होता. त्यानं थंडीकडे साफ दुर्लक्ष केलं आणि नळीच्या पार तळाशी बोट ठेवलं.

"मामा, इथे दोन्हीकडे उणे चाळीसच छापलंय. छपाईची चूक?"

चूक नव्हती. दोन्ही पट्ट्यांचा आकडा एक होतो अशी ती एकुलती एक जागा आहे. पण "सूत्रात घालून बघ" असं सांगून त्याला वाटेला लावणं बरं दिसलं नसतं. सूत्रानं उत्तर निघतं, पण ते तिथेच का, हे कळत नाही. त्यापेक्षा पट्टीवरून पायऱ्या उतरत जावं.

पाणी गोठतं तिथे सेल्सिअस ० म्हणतो आणि फॅरनहाइट ३२. म्हणजे फॅरनहाइट ३२ नं पुढे. पाणी उकळतं तिथे एक १०० म्हणतो, दुसरा २१२. तेवढ्याच अंतरात सेल्सिअसचे १०० अंश होतात आणि फॅरनहाइटचे १८०. सेल्सिअस ५ चालला की फॅरनहाइट ९ चालतो. जो आधीच पुढे आहे तोच भरभर चालणारा, तेव्हा वरच्या दिशेनं गेलं तर दोघांतलं अंतर वाढतच जाणार. गाठ पडायची तर मागे फिरायला हवं. मागे येतानाही फॅरनहाइट झपाट्यानंच येतो, आणि तेच इथे कामाला येतं. सेल्सिअस ५ उतरला की फॅरनहाइट ९ उतरतो, म्हणजे मधलं अंतर ४ नं घटतं. उणे ५ ला फॅरनहाइट २३, अंतर २८. उणे १० ला १४, अंतर २४. उणे २० ला येईतो फॅरनहाइटही शून्याखाली गेलेला असतो, उणे ४, आणि अंतर १६ उरतं. ३२ चं अंतर चार-चारनं फेडायचं तर आठ पायऱ्या लागतात. आठ पंचे चाळीस. झालं.

आता बीजगणित दोन ओळींचं उरतं. दोन्ही आकडे एकच आहेत, त्या आकड्याला क्ष म्हणू:

क्ष = (९/५) क्ष + ३२
म्हणून −(४/५) क्ष = ३२, आणि क्ष = −४०

दोन सरळ रेषा, चढ वेगवेगळा, म्हणून त्या एकदाच छेदतात. केल्विन आणि सेल्सिअस यांच्या पायऱ्या एकसारख्या, मधलं अंतर कायम २७३.१५, त्यामुळे त्यांची गाठ कधीच पडत नाही. उत्तर असं गुळगुळीत पूर्णांक आलं ते मात्र निव्वळ योगायोगानं. ३२ ला ४ नं नि:शेष भाग जातो म्हणून.

या गाठीचा रोजच्या कामात उपयोग आहे, आणि तो शाळेत का सांगत नाहीत हे मला कोडंच आहे. दोन्ही पट्ट्या उणे ४० पासून मोजायला घेतल्या तर ते ३२ चं लचांड उरतच नाही, नुसतं ९ आणि ५ चं प्रमाण राहतं. म्हणून आकडा कोणताही असो, आधी ४० मिळवा, मग सेल्सिअसचा फॅरनहाइट करायचा तर ९/५ नं गुणा, उलट करायचं तर ५/९ नं, आणि शेवटी ४० वजा करा. आरंभ आणि शेवट दोन्हीकडे तोच. निफाडचे ५ घ्या: ४५, त्याचे ८१, वजा ४०, उरले ४१. निरोगी अंगाचे ९८.६ घ्या: १३८.६, त्याचे ७७, वजा ४०, उरले ३७. नेहमीच्या सूत्रात ३२ आधी वजा करायचे की नंतर मिळवायचे, यावर निम्मा वर्ग घसरतो. इथे घसरायला जागाच नाही. एक पथ्य तेवढं पाळायचं. "रात्रीत पारा ५ अंशांनी उतरला" या वाक्यातले ५ म्हणजे फरक आहे. त्याचे फॅरनहाइट नुसते ९. तिथे ना ४० लागतात ना ३२.

भाच्याची पुढची शंका बरोबर होती: पारा तिथपर्यंत उतरतो का? नाही. पारा उणे ३८.८ सेल्सिअसलाच गोठतो, गाठीच्या जेमतेम अंशभर अलीकडे. पाऱ्याची तापमापी त्या जागी नेली तर नळीत घट्ट झालेला धातू मिळेल. बागेतल्या नळीतला लाल द्रव म्हणजे रंग घातलेलं अल्कोहोल. ते उणे ४० ला खुशाल वाहतं, म्हणून तर तिथे आकडे छापण्यात अर्थ आहे.

आणि ही गाठ उणे ४० लाच पडावी असा काही निसर्गाचा हुकूम नव्हे. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या अँडर्स सेल्सिअस या खगोलशास्त्रज्ञानं १७४२ साली आपली पट्टी मांडली ती चक्क उलटी: उकळत्या पाण्याला ०, गोठत्याला १००. १७४४ साली तो वारला आणि त्यानंतर थोड्याच काळात ती सुलटी झाली. समजा झाली नसती. मग गोठणाऱ्या पाण्यापाशी फॅरनहाइट ३२ वर आणि सेल्सिअस १०० वर उभा, अंतर ६८. हवा तापू लागली की एक ९ चढणार, दुसरा ५ उतरणार. दोघं समोरासमोरून येताहेत, अंतर १४-१४ नं तुटतंय. ६८ ला १४ नं भागा, ५ नं गुणा: आजचे २४.३ अंश सेल्सिअस. म्हणजे गाठ पडली असती ती श्रावणातल्या ढगाळ दुपारी, पंखा न लावता, आमच्या कॉलेज रोडवरच्या गॅलरीत. त्या वेळी दोन्ही पट्ट्यांवर आकडा दिसला असता ७५.७ आणि पुढे दशांशांची रांग. पेपर काढणाऱ्या मास्तरांना तो अजिबात आवडला नसता.