चकलीचं लेबल, हिंगाची डबी आणि शाळेचा ख्रिसमस बझार

मुलीच्या शाळेच्या पीटीएची मेल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आली. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ख्रिसमस बझार, दुपारी बारा ते तीन. निम्मे पैसे शाळेच्या वाचनालयाला, निम्मे जवळच्या हॉस्पिसला. ज्यांना टेबल हवं त्यांनी महिनाअखेरपर्यंत फॉर्म भरावा. आम्ही लंडनच्या पश्चिमेला राहतो. गेल्या वर्षीच्या दिवाळीत घरी आलेल्या मुलीच्या मैत्रिणींनी माझ्या चकल्या डबा रिकामा होईपर्यंत खाल्ल्या होत्या, म्हणून मी त्याच रात्री फॉर्म भरून पाठवला. पुढचा दीड महिना मी या चकल्यांच्या मागे जी धावले, ती हकीकत इथे लिहिते आहे. इथल्या शाळेत खाण्याचं टेबल लावायचं ज्यांच्या मनात असेल, त्यांचा तेवढा वेळ तरी वाचेल.

पहिली चूक फॉर्ममध्येच झाली. त्यात दोन पर्याय होते, 'स्वतःचा स्टॉल' आणि 'पालकांचं टेबल'. टेबलामागे मी स्वतः उभी राहणार, म्हणून मी 'स्वतःचा स्टॉल' निवडला. त्याचा खरा अर्थ असा की वीस पौंड भाडं आणि रॅफलसाठी एक बक्षीस द्यायचं, विक्रीचे पैसे आपले. तो व्यवसाय झाला. लगेच उत्तर आलं की कौन्सिलकडची फूड बिझनेस नोंदणी आणि पब्लिक लायबिलिटी विम्याचा दाखला पाठवा. नोंदणी फुकट असते, ऑनलाइन होते आणि ती नाकारली जात नाही, पण विक्री सुरू करायच्या किमान 28 दिवस आधी करावी लागते. म्हणून मेल आली की त्याच दिवशी ठरवा, आपण विकून पैसे घेणार की पीटीएला देणार. मला पैसे नकोच होते. मी पर्याय बदलून घेतला. पालकांच्या टेबलाचे सगळे पैसे पीटीएकडे जातात, वर्षातून एकदा घरचं करून आणणाऱ्या आईला नोंदणी लागत नाही, आणि विमा पीटीएचा चालतो. बहुतेक पीटीए पेरेंटकाइंड या देशपातळीवरच्या संस्थेच्या सभासद असतात आणि त्या सभासदत्वातच विमा येतो. तरी आपल्या पीटीएला एकदा विचारून घ्या, घरून आणलेलं खाणं त्यात धरलं आहे का.

हे चार दिवसांत मिटलं. अडकले ते लेबलावर.

पालकांच्या टेबलाला कायद्याने लेबल लागतंच असं नाही, पण आमच्या समितीने ते सगळ्यांना सक्तीचं केलं होतं. त्यामागचं कारण इथे प्रत्येकाला माहीत असतं. 2016 मध्ये नताशा एडनन-लापरूज ही पंधरा वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेलं सँडविच खाऊन दगावली. त्या पावात तीळ होते आणि वेष्टनावर तसं लिहिलेलं नव्हतं. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून, दुकानदाराने स्वतः आधीच पाकिटात भरून ठेवलेल्या खाण्यावर पूर्ण घटकयादी लिहिणं बंधनकारक झालं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची आणि त्यात 14 ठरलेल्या ॲलर्जीकारक गोष्टी ठळक अक्षरांत उठून दिसल्या पाहिजेत. आपल्या फराळाच्या दृष्टीने त्यातल्या महत्त्वाच्या म्हणजे ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुका मेवा, तीळ, मोहरी आणि सल्फाइट. शेवटचं नाव नवं वाटेल, पण पिवळ्या बेदाण्यांचा रंग टिकवायला बहुधा तेच वापरतात. चिवड्याची यादी करून पाहा, म्हणजे कळेल मी चिवडा का सोडला.

मी पहिलं लेबल पाठवलं त्यात भाजणी, तेल, तीळ, मसाला, मीठ असं लिहिलं. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, 'यादी अपूर्ण आहे.' काय अपूर्ण आहे ते नाही. मी मसाला फोडून तिखट, हळद, हिंग, ओवा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. मग मला वाटलं क्रम चुकला असेल. तळणीच्या पदार्थात तेल किती गेलं हे आपण कधी मोजत नाही. मी थोड्या चकल्या करून पाहिल्या आणि कढईतलं तेल तळण्याआधी व नंतर काट्यावर ठेवलं. तांदळाच्या पिठाच्या खालोखाल तेलच आलं, डाळीपेक्षाही जास्त. यादी बदलली, तीळ ठळक केले आणि तिसऱ्यांदा पाठवलं. तिसऱ्यांदाही परत. आता बझारला तीन आठवडे राहिले होते. एकाच मेलमध्ये तिन्ही उणिवा लिहिता आल्या असत्या. तपासणारी आईही माझ्यासारखीच नोकरी सांभाळून हे करत होती हे मला मान्य आहे, पण दर वेळी दोन-तीन दिवस वाट पाहायची आणि हातात एक ओळ यायची, याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी मी तिला शाळेच्या फाटकापाशी गाठलं. येताना स्वयंपाकघरातले सगळे डबे आणि पाकिटं पिशवीत घालून आणली होती. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, तुम्हीही करा. बाकावर बसून तिने एकेक पाकीट उलटं केलं. हिंगाची पिवळी डबी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि अंगठा एका ओळीवर ठेवला.

"हे पाहिलंस?"

त्या ओळीत गव्हाचं पीठ लिहिलं होतं, डिंकाच्याही आधी. आपण ज्याला हिंग म्हणतो ती बहुतेक वेळा हिंगाच्या राळेत पीठ आणि डिंक मिसळून केलेली पूड असते, कारण शुद्ध राळ फार उग्र आणि चिकट असते. आयुष्यभर मी चिमूटचिमूट हिंग घातला आणि डबीची ती बाजू कधी वाचली नाही. चकलीत गहू नाही असं मी ज्या-त्या बाईला सांगत आले होते. लेबलावर 'हिंग' हा एक शब्द पुरत नाही, त्याच्या पोटात काय आहे तेही कंसात लिहावं लागतं आणि गहू ठळक करावा लागतो.

मग तिने भाजणीबद्दल विचारलं. पाकीट नव्हतंच. आईने साताऱ्याहून दिलेली भाजणी होती, तांदूळ, डाळी, धणे-जिरे भाजून तिथल्या गिरणीत दळलेली. ती म्हणाली, "त्या गिरणीत त्याआधी काय दळलं होतं?" मी गप्प बसले. आमच्या गिरणीत दिवसभर गहूच दळतात. संध्याकाळी आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, आपल्या भाजणीआधी दोन घाणे तांदूळ दळायला सांगते मी, जात्यातला गहू निघून जातो." पण ते कागदावर कसं लिहायचं? आईची भाजणी मी घरच्यासाठी ठेवली.

बझारच्या चकल्यांना दुकानातली पिठं आणली, ज्यांच्या पाकिटावर सगळं छापलेलं असतं. तीन वाट्या तांदळाचं पीठ, एक वाटी बेसन, मोहन लोण्याऐवजी गरम तेलाचं, म्हणजे दूध यादीत आलंच नाही. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो शोधून आणला, म्हणजे गहू गेला. चव आईच्या चकलीची नव्हती. भाजणीचा खमंगपणा विकतच्या पिठाला येत नाही, बेसन मंद आचेवर जरा भाजून घेतलं तेव्हा थोडी जवळ आली. बेसन भाजल्यावर पीठ पाणी जास्त पितं, तेवढं सांभाळा, नाहीतर चकली सोऱ्यातून पडतानाच तुटते.

तिळाचं असं झालं, की दुसरीच्या वर्गात तिळाची ॲलर्जी असलेलं एक मूल आहे हे तपासणाऱ्या आईने सांगितलं. तीळ काढले, ओवा वाढवला. शाळेत शेंगदाणे आणि सुका मेवा अजिबात चालत नाही, म्हणून दाण्याचं कूट आणि त्याचं मिक्सरचं भांडं दोन दिवस गॅरेजमध्ये ठेवलं, ओटा धुतला, तळायला नवी बाटली फोडली. राहिलं ते 'अंश असू शकतात' हे वाक्य. ते उगाच सगळ्यांची नावं लिहून मोकळं व्हायचं वाक्य नाही, खरी शक्यता असेल तेवढंच लिहायचं. बेसनाच्या पाकिटावर मोहरीचा इशारा होता, म्हणून मोहरी लिहिली. सोऱ्याच्या चकतीच्या चांदणीत कितीही घासलं तरी जुन्या तिळाचा एखादा दाणा निघायचा. मी दात घासायच्या ब्रशने घासून पाहिलं, तरी तिसऱ्या दिवशी एक निघालाच. तेव्हा तीळही लिहिले. चौथं लेबल त्याच संध्याकाळी मंजूर झालं.

एक विसरले. लेबलाची अक्षरं बारीक नकोत. कायद्यात उंची सांगितली आहे, लहान 'एक्स' हे अक्षर 1.2 मिलिमीटर भरलं पाहिजे. मी सुरुवातीला छोटे गोल स्टिकर आणले होते, त्यावर यादी मावेना, पैसे वाया गेले. लांबट पांढरे घ्या. आणि चकल्या पूर्ण गार झाल्याशिवाय पाकीट बंद करू नका. माझी पहिली सहा पाकिटं आतून वाफेने ओली झाली आणि चकल्या मऊ पडल्या, त्या आम्हीच खाल्ल्या.

शंभर ग्रॅमची चाळीस पाकिटं नेली, दोन पौंडांना एक. अडीच वाजेपर्यंत अडतीस गेली, शहात्तर पौंड मी पत्र्याच्या डब्यात घालून पीटीएच्या टेबलावर दिले. घटकांचा खर्च मागता येतो, मी मागितला नाही.

दोन पाकिटं उरली असताना एक आई मुलाचा हात धरून आली. मुलाने पाकीट उचललं, तिने ते त्याच्या हातातून घेऊन उलटं केलं आणि बराच वेळ वाचत राहिली. मी म्हटलं, "तीळ घातलेले नाहीत, पण सोऱ्यात राहिले असतील, म्हणून लिहिलंय." तिने मान हलवली, पाकीट होतं तिथे अलगद ठेवलं आणि म्हणाली, "लिहिलंत म्हणून बरं झालं." मग ती मुलाला घेऊन शेजारच्या फुग्यांच्या टेबलाकडे गेली.