‘निल’ रिपोर्टने अडवलेलं जिआर्डियाचं निदान

माझ्या मुलाच्या शीच्या रिपोर्टवर ‘ओव्हा, सिस्ट : नॉट सीन’, म्हणजे परजीवीची अंडी किंवा सिस्ट दिसली नाहीत, असं छापून आलं आणि सगळं तिथेच अडलं. मुलाचं पोट मात्र थांबायला तयार नव्हतं. जेवला की पोट टम्म फुगायचं, कुजकट ढेकर यायचे. शी फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी. ताप नाही, रक्त नाही, पण वजन उतरत होतं.

आमच्या डॉक्टरांना संशय जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचाच होता. त्यांनी चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं : एक दिवसाआड, असे तीन नमुने. लॅबच्या काउंटरवर मात्र दुसरी डबी घ्यायलाच तयार नव्हते. "मॅडम, रिपोर्ट निल आलाय ना? परत कशाला पैसे घालवता?" चिठ्ठी दाखवली तर, "रूटीन एकदाच होतं." पहिली डबी सकाळी लवकर नेऊन दिली होती, ती दुपारपर्यंत तिथेच ट्रेमध्ये पडून होती. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि त्याचाच मला जास्त राग आहे.

कारण पातळ शीमध्ये जी सापडण्याची शक्यता असते ती या जीवाची जिवंत, हलती अवस्था, ट्रोफोझोइट. ती शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही. नमुना अर्ध्या-एका तासात काचेखाली गेला नाही, तर ती विरघळून जाते. लगेच तपासणं शक्य नसेल तर तो टिकवणाऱ्या द्रावणात घालावा लागतो. पातळ शी असेल तर तिथेच विचारा, "कधी बघणार?"

शेवटी आम्ही दुसरी लॅब गाठली. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी डबी घेतल्या घेतल्या एक थेंब सलाइनमध्ये, एक आयोडीनमध्ये लावला. पहिल्या दिवशी काही नाही. पुढच्या नमुन्यात त्यांनी मला आत बोलावून दाखवलं. एका टोकाला रुंद, दुसरीकडे निमुळता, साधारण 12 ते 15 मायक्रॉन लांबीचा जीव, झाडावरून पान गळताना हेलकावतं तसा हेलकावत चालला होता. शेपटांसारख्या चार जोड्या, म्हणजे आठ कशाभिका त्याला पुढे ढकलतात. रुंद भागात शेजारी शेजारी दोन केंद्रकं, आणि पोटाच्या बाजूला एक चोषक तबकडी. त्या तबकडीने तो लहान आतड्याच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतो. तिथे तो असला की चरबी नीट शोषली जात नाही, म्हणून ती तेलकट शी.

आणि इथेच ‘निल’ रिपोर्टचं उत्तर आहे. भिंतीला धरून बसलेले हे जीव रोज शीत उतरत नाहीत. खाली सरकता सरकता त्यांच्या सिस्ट बनतात, म्हणजे जाड कवचाच्या अंडाकृती पेशी, पूर्ण वाढल्यावर चार केंद्रकांच्या. त्याही एखाद दिवशी भरपूर, तर पुढचे काही दिवस जवळजवळ नाहीतच. त्यात काचेवर जातो तो नमुन्याचा कणभर भाग. आजाराच्या सुरुवातीला तर त्रास आधी सुरू होतो आणि सिस्ट नंतर दिसू लागतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालच्या एका नमुन्यावर बरेच रुग्ण सुटतात, तीन नमुन्यांत बहुतेक सापडतात. नमुन्यातून जिआर्डियाचं प्रथिन शोधणारी अँटिजेन तपासणीही असते. ती जास्त पकडते, ती करता येईल का हे डॉक्टरांना आधीच विचारा.

औषध दिलं, पोट सुधारलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पाण्याबद्दल मात्र सांगायला हवं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, आणि जमिनीखालच्या टाकीशेजारीच ड्रेनेजचा चेंबर आहे. टाकीच्या पाण्याची जंतुतपासणी ‘पिण्यास योग्य’ आली होती. पण ती तपासणी कोलिफॉर्म जीवाणूंची असते. टाकीत टाकतात त्या टीसीएल या क्लोरीनच्या पावडरीने ते जीवाणू लवकर मरतात, सिस्टचं कवच तेवढ्या क्लोरीनला तेवढ्या वेळात दाद देत नाही. थंड पाण्यात सिस्ट आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात, आणि आजारी पडायला दहा-पंचवीस सिस्टही पुरतात. आता पिण्याचं पाणी आम्ही खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट ठेवतो. दात घासायलाही तेच.

हो, डबी देताना एक लक्षात ठेवा : नमुना लघवीत किंवा संडासाच्या पाण्यात मिसळू देऊ नका, आणि अँटिबायोटिक चालू असेल तर लॅबला सांगा, त्यानेही जंतू दिसेनासे होतात. औषध संपल्यावर दूध प्यायलं की पुन्हा जुलाब झाले तर घाबरू नका. काही आठवडे दूध पचत नाही. आमच्याकडे ताक चाललं. पण त्रास रेंगाळला तर पुन्हा नमुने द्या, आणि काउंटरवर चिठ्ठी पुढे करून तीन डब्या मागून घ्या.