चार्जिंगची गन अडकते तेव्हा : लॉकचं सेटिंग आणि सोडवण्याचा क्रम

आमच्या सोसायटीत, वडोदऱ्याच्या मांजलपूर भागात, पार्किंगमध्ये ७ किलोवॅटचा एकच सामायिक एसी चार्जर आहे. केबल बॉक्सलाच जोडलेली, पुढे टाइप २ची गन. माझी इलेक्ट्रिक गाडी रात्री अकराला लावली की २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत यायला साडेचार-पाच तास लागतात, म्हणजे पहाटे चारच्या सुमारास काम संपतं. पण गन मात्र मी सकाळी खाली येईपर्यंत गाडीतच अडकून राहायची. शेजारच्या काकांना सहाला गाडी लावायची असायची आणि मला फोन यायचा.

बिघाड काहीच नव्हता. गाडीच्या चार्जिंग सॉकेटमध्ये एक छोटी मोटर असते. ती एक पिन पुढे ढकलते, पिन गनवरच्या खाचेत बसते आणि गन निघत नाही. ही पिन कधी मागे घ्यायची, हे गाडी ठरवते, चार्जर नाही. माझ्या गाडीच्या पडद्यावर ईव्हीच्या सेटिंगमध्ये त्याचे दोन पर्याय आहेत: `Always Lock` आणि `Lock While Charging`. माझं पहिल्यावर होतं, म्हणजे चार्जिंग संपलं तरी गाडी अनलॉक करेपर्यंत पिन पुढेच. दुसरा पर्याय निवडल्यावर चार्जिंग चालू असेपर्यंतच लॉक राहतं. ८० टक्क्यांची मर्यादा गाठली की पिन मागे येते आणि काका स्वतः गन काढून आपल्या गाडीला लावतात.

या पर्यायाची एक अडचण आधीच माहीत असावी. टायमर लावून गाडी जोडली, तर चार्जिंग सुरू होईपर्यंतच्या काळात गन मोकळीच असते. पावसाळ्यात लाइट गेली तरी माझी गाडी चार्जिंग थांबलं असंच धरते आणि पिन सोडते. बंद आवाराच्या पार्किंगमध्ये हे चालतं. रस्त्यावरच्या चार्जरला स्वतःची केबल लावायची असेल तर मी सेटिंग पुन्हा `Always Lock` करतो, नाहीतर केबल कुणीही उचलून नेईल. तिथे केबलचं दुसरं टोकही चार्जरच्या सॉकेटमध्ये लॉक होतं आणि चार्जिंगचं सत्र बंद केल्यावरच ते सुटतं, म्हणजे दोन लॉक वेगवेगळे सोडवावे लागतात. डीसी फास्ट चार्जरवर मात्र यातलं काही लागू नाही. तिथे चार्जिंग चालू असताना गन लॉक राहतेच, आणि ते तसंच हवं.

सेटिंग बरोबर असूनही गन निघत नसेल, तर लॉकच्या आवाजाकडे कान द्यायचा. आधी गाडीच्या पडद्यावरून किंवा चार्जरच्या अ‍ॅपमधून चार्जिंग थांबवा आणि दोन-चार सेकंद थांबा. गाडी आधी करंट घेणं बंद करते, मग चार्जरचा काँटॅक्टर, म्हणजे वीज तोडणारा आतला स्विच, उघडतो (बॉक्समधून टक् असा आवाज येतो) आणि त्यानंतरच पिन सुटते. मग किल्लीने गाडी अनलॉक करा. सॉकेटजवळ खट् आवाज आलाच नाही, तर पिनला आदेशच पोचलेला नाही: सत्र चालू आहे, गाडी लॉक आहे, किंवा १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे. अनलॉक करून बोलत उभं राहिलं तर बऱ्याच गाड्या थोड्या वेळाने आपोआप पुन्हा लॉक होतात, हेही एक साधं कारण असतं.

आवाज आला पण गन हलत नाही, किंवा खट्-खट् दोनतीनदा ऐकू येतं, तर पिन खाचेत दाबली गेली आहे. आमच्याकडे नेहमी हेच व्हायचं. केबल उंचावरच्या हुकला ताणून टांगलेली, तिच्या ओढीने गन वाकडी होते आणि खाचेची कड पिनवर घट्ट बसते. अशा वेळी ओढलं की पिन आणखी आवळते. उलट करायचं: एका हाताने केबलचं वजन पेला, गन सरळ करून गाडीकडे आत दाबा, दाबलेली असतानाच दुसऱ्या हाताने अनलॉक करा, आवाज आला की सरळ बाहेर घ्या. हुक खाली घेऊन केबलला जमिनीवर एक सैल वळण ठेवल्यापासून हा प्रकार जवळजवळ थांबला.

यानेही सुटली नाही, तर बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली किंवा डिकीच्या आतल्या पॅनलमागे एक दोरी असते. ती ओढली की पिन हाताने मागे येते. जागा गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवा, अंधारात शोधायची वेळ येऊ देऊ नका. एसी चार्जरचा एमसीबी आधी खाली पाडा, मगच दोरी हलक्या हाताने ओढा. डीसीवर, चार्जरच्या पडद्यावर सत्र संपल्याचं दिसेपर्यंत तिला हात लावू नका; शेकडो व्होल्टचा डीसी प्रवाह चालू असताना गन निघाली तर ठिणगीचा जाळ होतो.

उन्हाळ्यात गनच्या खाचेत धूळ बसते. ती कोरड्या मऊ ब्रशने काढायची. तेलाचा स्प्रे मारला की धूळ चिकटून गाळ होतो आणि पिन पुन्हा अडखळते.