पट्ट्यात हवा किती?

गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया, टाके, कुबड्या हे सारे विनातक्रार पार पडले. मी अडलो तो मांडीला बांधायच्या पट्ट्यात हवा किती भरायची, एवढ्याशा प्रश्नावर. उजवी मांडी डावीपेक्षा चार सेंटिमीटरने बारीक झाली होती आणि जड वजन उचलायला सर्जननी मनाई केली होती. त्यामुळे रक्तप्रवाह आवळून हलक्या वजनाने व्यायाम करण्याचा उपाय सुचवला गेला.

फोंड्यात घराजवळच्या केंद्रात पट्टा होता, पण कोणाला किती दाब लागेल हे मोजण्याची पद्धत नव्हती. "सगळ्यांना 200 वरच लावतो," असे सांगून तेथील मुलाने पट्टा पाऱ्याच्या 200 मिलिमीटर दाबापर्यंत फुगवला. व्यायामाच्या चौदाव्या आवर्तनाला पाऊल गार पडून पांढरे झाले आणि बोटांना मुंग्या आल्या, तरी "सवय होईल" हेच उत्तर मिळाले. नाडीचा आवाज ऐकवणाऱ्या डॉपलर यंत्राने मोजा, असा हट्ट धरल्यावर यंत्र सोमवारी येईल असे कळले आणि असे तीन सोमवार गेले. अखेर चिडून मी कदंबची बस धरून पणजी गाठली.

तेथील फिजिओथेरपिस्ट बाईंनी घोट्याच्या आतल्या बाजूला डॉपलरची कांडी टेकवली. नाडीचा फुस्‌-फुस्‌ आवाज ऐकत त्या पट्टा फुगवत गेल्या आणि 190 वर आवाज थांबला. म्हणजे 200 वर माझी धमनीच बंद होत होती! त्यांनी 190 च्या 60 टक्के, म्हणजे 114 दाब ठरवला. मांडीचा घेर, रक्तदाब आणि पट्ट्याची रुंदी यांनुसार हा आकडा बदलत असल्याने दुसऱ्याचा आकडा आपल्याला चालत नाही.

या दाबाला धमनीतून रक्त थोडे येत राहते, पण शिरांतून परतणारे बरेचसे अडते. प्राणवायू कमी पडून स्नायूत चयापचयाचे पदार्थ साचतात, नेहमीचे तंतू लवकर थकतात आणि एरवी जड वजनालाच जागे होणारे मोठे तंतू कामाला लागतात. वाढीला चालना मिळते ती बहुधा यातूनच. लेग प्रेसवर माझा धड पाय जास्तीत जास्त 60 किलो एकदा ढकलू शकत होता, म्हणून दुखऱ्या पायाला त्याच्या पावपट, म्हणजे 15 किलो दिले. आधी 30 वेळा, मग 15-15 चे तीन सेट, मध्ये 30 सेकंद विश्रांती आणि तोवर पट्टा फुगलेलाच. शेवटच्या सेटला मांडी भाजल्यासारखी होते, पण पाऊल बधिर होता कामा नये.

आठ आठवड्यांत अडीच सेंटिमीटर घेर परत आला. ताकद मात्र त्या मानाने कमीच वाढली. त्यासाठी पुढे जड वजनाकडे वळावेच लागले. पायात पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्यांनी किंवा ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्ट्याला हात लावू नये, हे खरे तर मी आधीच लिहायला हवे होते. आणि मोजमाप व्यायामाच्याच स्थितीत करून घ्यावे, कारण झोपून आणि बसून येणारे आकडे वेगळे असतात. बाईंनी माझे लेग प्रेसवर बसवूनच घेतले होते.