यीस्ट लॉग: ३५ आणि ४५ अंशांच्या रेषा एकमेकींना छेदतात तिथे खरी गंमत आहे

कोणत्या तापमानाला यीस्ट साखरेतून किती गॅस काढतं हे मोजायचा रन एकदाचा पूर्ण झाला, रीडिंग्ज खाली टाकतोय. आधी सेटअप थोडक्यात, म्हणजे कोणाला स्वतःच्या आकड्यांशी ताडून बघायचं असेल तर बघता येईल. १२५ मिलीचा फ्लास्क, त्यात साखरेचं पाणी ४० मिली (५ ग्रॅम साखर) आणि वरून यीस्टचं पाणी १० मिली, ज्यात कोरडं यीस्ट अर्धा ग्रॅम. रबरी बूच, नळी, आणि नळीचं दुसरं टोक पाण्यात उलट्या धरलेल्या १०० मिलीच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये. गॅस आला की पाणी खाली ढकललं जातं, रेघ वाचायची.

यीस्ट मात्र प्रत्येक फ्लास्कमध्ये वेगळं कोरडं टाकलेलं नाही. एकच बॅच ३५ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवली, ढवळत ढवळत सगळीकडे वाटली आणि मग फ्लास्क आपापल्या तापमानाच्या पाण्याच्या बाथमध्ये ठेवले. कारण कोरडं यीस्ट थेट गार पाण्यात पडलं की पेशींचं आवरण नीट जुळून यायच्या आतच आतला माल बाहेर झिरपतो आणि बऱ्याच पेशी तिथेच जातात, मग १५ अंशांचा आकडा कमी आला तर तो गारठ्यामुळे की भिजवण्यामुळे हे कळायला मार्ग राहत नाही.

साखर संपेल का, ही शंका नेहमी येते म्हणून हिशोब केला. C6H12O6 → 2 C2H5OH + 2 CO2 हे धरलं तर १ ग्रॅम साध्या साखरेतून खोलीच्या तापमानाला साधारण २८० मिली गॅस निघू शकतो, म्हणजे ५ ग्रॅममधून १४०० मिली. आपण गोळा करतोय फार तर ८०-९०. तेव्हा रेषा सपाट झाली तर दोष साखरेचा नाही, हे आधीच पक्कं.

आकडे मिलीमध्ये, त्याच तापमानाच्या, यीस्ट नसलेल्या कंट्रोल फ्लास्कचं रीडिंग वजा करून:

| तापमान | १० मिनिटं | २० | ३० | ४० |
|---|---|---|---|---|
| १५° | ० | २ | ४ | ७ |
| २५° | ६ | १६ | २७ | ३८ |
| ३५° | १४ | ३६ | ६० | ८४ |
| ४५° | २० | ४३ | ६० | ७० |
| ५५° | ६ | ७ | ७ | ७ |

आता ग्राफ. बहुतेक जण तापमान खाली, एकूण गॅस उभा असा बार ग्राफ काढतात आणि सगळ्यात उंच दांडी म्हणजे "ऑप्टिमम" म्हणून मोकळे होतात. मी वेळ आडव्या अक्षावर घेतला, गॅस उभ्या अक्षावर, प्रत्येक तापमानाची वेगळी रेषा. तसं काढल्यावर दिसतं की ४५ ची रेषा सुरुवातीला सगळ्यांच्या वर आहे, ३० मिनिटांना ३५ ची रेषा तिला गाठते आणि पुढे निघून जाते. म्हणजे मी २० मिनिटांनी घड्याळ बंद केलं असतं तर ४५ ला ऑप्टिमम म्हणालो असतो, ४० मिनिटांनी केलं तर ३५ ला, आणि दोन्ही वेळा आकडे बरोबरच असते!

स्लोप बघितला की कारण कळतं. ३५ ला दर मिनिटाला २.२, मग २.४, मग २.४ मिली, सरळ रेष. ४५ ला २.३, मग १.७, मग १.०. तापमान वाढलं की एन्झाइम जोरात चालतात हे खरं, पण त्याच वेळी ती बिघडतही असतात, आणि ४५ ला हे बिघडणं इतकं सावकाश आहे की आधी नुसता वेगच दिसतो. ५५ ला तेच काही मिनिटांत उरकतं.

पण रेषा सपाट झाली म्हणजे पेशी मेल्या की नुसत्या मंदावल्या? यासाठी ४० मिनिटांनंतर तीन फ्लास्क उचलून ३५ च्या बाथमध्ये ठेवले. १५ वाला काही वेळात २.३ वर आला, म्हणजे जवळजवळ पूर्ण वेगात, त्याला काहीच झालेलं नव्हतं. ४५ वाला १.२ वर अडकला, अर्ध्यावर. ५५ वाल्यातून अर्धा तास थांबूनही बुडबुडा नाही. मला तरी या रनमधलं हेच सगळ्यात कामाचं वाटलं, आणि खर्च शून्य, फक्त फ्लास्क इकडचा तिकडे.

चुका कुठे शिरतात ते आता सविस्तर, कारण मुख्य लफडं इथेच आहे.

पहिली गोष्ट फ्लास्कमधली हवा. ५० मिली द्रव सोडला तर वर ७५ मिली मोकळी जागा आहे, ती तापली की हवा फुगते, वर पाण्याची वाफ, हे सगळं सिलिंडरमध्ये गॅस म्हणूनच मोजलं जातं. यीस्ट नसलेला कंट्रोल फ्लास्क ५५ ला ठेवला तर त्यानेच ९ मिली दिले! म्हणजे ५५ चं मूळ रीडिंग १६ होतं आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त यीस्टचं नव्हतंच. १५ ला उलट, हवा आकसली आणि पाणी नळीत वर चढलं. म्हणून एकच कंट्रोल ठेवून भागत नाही, प्रत्येक तापमानाला वेगळा लागतो.

दुसरी, आणि माझ्या मते जास्त फसवी, विरघळलेला सीओटू. हा गॅस पाण्यात भरपूर विरघळतो आणि पाणी जितकं गार तितका जास्त: १५ अंशांना एक लिटर पाणी जवळपास एक लिटर सीओटू पोटात ठेवू शकतं, ३५ ला त्याच्या ६० टक्क्यांच्या आसपास. तेव्हा १५ वाल्या फ्लास्कमध्ये यीस्ट काम करत असूनही पहिली दहा मिनिटं शून्य दिसलं यात नवल नाही, गॅस द्रवातच बसला होता. याची खूण सोपी आहे, ४० मिनिटांचं रीडिंग घेतल्यावर बाथमधून न काढता फ्लास्क गोल फिरवायचा. १५ वाल्याने आणखी ६ मिली दिले, म्हणजे मोजलेला आकडा जवळजवळ दुप्पट झाला, २५ वाल्याने ७ दिले, पण ३८ वर ७ म्हणजे त्याला फारसा फरक नाही. हलवण्याआधी २५ हे १५ च्या पाचपटीहून जास्त दिसत होतं, हलवल्यावर साडेतीन पटीवर आलं, आणि हलवूनही थोडा गॅस आत राहतोच, त्यामुळे खरं गुणोत्तर त्याहून कमी असणार. १५ चा बिंदू ग्राफवर ठेवलाय पण त्यावरून दराचं गणित करू नका.

सिलिंडरखालच्या पाण्यातही गॅस विरघळतो, तिथे साध्या पाण्याऐवजी मिठाचं दाट पाणी वापरलं की हे बरंच कमी होतं. सिलिंडरच्या आतल्या-बाहेरच्या पाण्याच्या पातळीतल्या फरकाची मात्र उगाच चिंता केली जाते, १० सेंटिमीटर पाणी म्हणजे दाबात जेमतेम एक टक्का.

आणि थर्मामीटर बाथमध्ये नाही, फ्लास्कमध्ये. बाथ ४५ दाखवत होता तेव्हा कंट्रोलच्या आतलं पाणी ४३.५ च्या आसपास होतं. वरच्या टेबलात सोयीसाठी बाथचे आकडे लिहिलेत, ग्राफमध्ये आतले घेतलेत.

निष्कर्ष इतकाच काढतोय: या यीस्टसाठी, या साखरेवर, ४० मिनिटांच्या आत तपासलेल्या पाचांमध्ये ३५ सगळ्यात पुढे, ४५ ला वेग येतो पण टिकत नाही. ३५ आणि ४५ च्या मध्ये काय होतं ते या डेटावरून सांगता येत नाही. पुढचा रन ३८ आणि ४१ वर, दोन्ही दोन तास, दर रीडिंगआधी फ्लास्क फिरवून, आणि सिलिंडर ५०० मिलीचा घेणार, कारण या वेगाने १०० वाला पाऊण तासातच भरतो.